दुसऱ्याच्या मालकीच्या सामायिक अल्बममधून आणि कोलॅब पोस्टमधून स्वतःला कसे काढून घ्यावे?

प्रश्न: मी काही वर्षे एका ट्रेकिंग गटासोबत ट्रेक लीडर म्हणून जात होते आणि फोटोही काढत होते. आता गट सोडला आहे. त्यांच्या हरिश्चंद्रगड ट्रेकचा गूगल फोटोजवरचा अल्बम आयोजकांच्या मालकीचा आहे. त्यातल्या साधारण ४०० फोटोंपैकी १५० मी टाकलेले आहेत. शिवाय इन्स्टाग्रामवर त्यांच्या खात्यावरून आलेल्या काही रील्समध्ये मी कोलॅबरेटर आहे. दोन्हीकडून माझे नाव निघावे, पण ट्रेकला आलेल्या लोकांचे फोटो जाऊ नयेत. आयोजकांशी भांडण नाही, बोलणे मात्र कमीच आहे. काय करावे?

उत्तर: दोन्ही ठिकाणी बाहेर पडण्याचे बटण सापडायला फार वेळ लागत नाही. अडचण अशी आहे की ते दाबल्यावर जे घडते ते दोन्हीकडे अगदी उलटे असते. गूगल फोटोजच्या अल्बममधून सदस्य बाहेर पडला की त्याने टाकलेले फोटो, व्हिडिओ आणि लिहिलेल्या टिप्पण्याही त्याच्याबरोबर अल्बममधून निघून जातात. इन्स्टाग्रामच्या कोलॅब पोस्टमधून बाहेर पडले की फक्त तुमचे नाव निघते. रील मूळ खात्यावर जशीच्या तशी राहते. म्हणजे तुम्हाला जिथे फोटो मागे ठेवायचे आहेत तिथे ते जाणार आहेत, आणि जिथे तुमच्या कामावर दुसऱ्याचा ताबा राहिल्याचे कदाचित खटकेल तिथे ते राहणार आहे. त्यामुळे आधी काय करायचे आणि नंतर काय करायचे, या क्रमालाच येथे सर्वाधिक महत्त्व आहे. मी गेली अनेक वर्षे छायाचित्रकारांची आणि छोट्या कार्यक्रम-आयोजकांची ऑनलाइन खाती सांभाळतो. या विषयातल्या बहुतेक तक्रारी घाईने बटण दाबल्यानंतर माझ्याकडे येतात. तुम्ही आधी विचारत आहात, त्यामुळे बरेच काही हातात आहे.

अल्बमपासून सुरुवात करू. गूगल फोटोजमध्ये सामायिक अल्बमचा मालक एकच असतो, परंतु अल्बममधल्या प्रत्येक फोटोचा मालक तो नसतो. तुम्ही टाकलेला फोटो तुमच्याच लायब्ररीत राहतो, त्याची जागा तुमच्याच खात्यातून मोजली जाते आणि अल्बममध्ये तो केवळ दाखवलेला असतो. एखाद्या प्रदर्शनात आपली चित्रे लावायला दिली आणि प्रदर्शनातून अंग काढून घेताना ती घरी नेली, तसा हा प्रकार आहे. हे एकदा लक्षात आले की पुढच्या बऱ्याच शंका आपोआप सुटतात. बाहेर पडल्यावर तुमच्या लायब्ररीतले मूळ फोटो नाहीसे होत नाहीत. अल्बममधला एखादा फोटो ज्यांनी आधीच स्वतःच्या लायब्ररीत जतन करून घेतला असेल, त्यांची प्रत स्वतंत्र असते आणि ती तुम्ही गेल्यावरही त्यांच्याकडे राहते. ज्यांनी असे काही केले नाही आणि ‘अल्बम आहेच की, हवा तेव्हा बघू’ असे म्हणून ठेवले, त्यांना मात्र तुमचे १५० फोटो एके दिवशी दिसेनासे होतात.

मी हे एका हौशी नाट्यसंस्थेच्या बाबतीत जवळून पाहिले आहे. प्रयोगांचे फोटो एकाच अल्बममध्ये होते आणि त्यांतले बहुतेक प्रकाशयोजना सांभाळणाऱ्या एका सदस्याने काढलेले होते. तो परगावी गेला, फोनवर येणाऱ्या सूचनांना कंटाळला आणि कोणालाही दुखवायचा हेतू नसताना अल्बममधून बाहेर पडला. संस्थेला त्याचा पत्ता लागला तो स्मरणिकेचे काम सुरू झाल्यावर, कारण तोपर्यंत अल्बम उघडून कोणी पाहिलाच नव्हता. फोटो त्या सदस्याच्या लायब्ररीत सुरक्षित असल्यामुळे ते पुन्हा मिळाले. टिप्पण्यांमध्ये कोणी कोणती भूमिका केली, प्रयोग कोणत्या गावी झाला असे जे लिहून ठेवले होते, त्यातले त्याचे सगळे गेले. त्याला फक्त सूचना थांबवायच्या होत्या, आणि त्या ॲपच्या सेटिंग्जमधून अल्बम न सोडताही बंद करता आल्या असत्या.

तुमच्या बाबतीत नाव काढायचेच आहे, तेव्हा लोकांना फोटो मिळत राहतील अशी सोय आधी करावी लागेल. त्यासाठी दोन वाटा आहेत आणि कोणती निवडावी हे आयोजकांशी तुमचा संवाद किती आहे यावर अवलंबून आहे. पहिली वाट आयोजकांच्या हातून जाते. त्यांनी तुमचे फोटो स्वतःच्या लायब्ररीत जतन करून घ्यावेत, आणि तुम्ही बाहेर पडल्यानंतर त्या प्रती पुन्हा त्याच अल्बममध्ये घालाव्यात. यात अल्बमची लिंक तीच राहते आणि ट्रेकला आलेल्यांना काहीच करावे लागत नाही. मात्र त्या प्रतींची जागा आता आयोजकांच्या खात्यातून जाते. फोनवर काढलेला एक फोटो सरासरी ४ एमबीचा धरला तर १५० फोटोंचे सुमारे ६०० एमबी होतात. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिन्हींना मिळून विनामूल्य जागा १५ जीबी असते, त्यामुळे ही जागा तशी किरकोळ आहे. पण व्हिडिओ असतील तर हिशेब भराभर वाढतो, आणि ज्यांचे खाते आधीच काठोकाठ भरले आहे असे आयोजक मी पुष्कळ पाहिले आहेत. शिवाय ही वाट धरायची तर ‘झाले’ असा त्यांचा निरोप येईपर्यंत तुम्हाला थांबावे लागते.

दुसरी वाट तुमच्या एकटीच्या हातात आहे आणि तुम्ही लिहिलेल्या परिस्थितीत मी तीच सुचवेन. तुमच्या लायब्ररीतले ते १५० फोटो निवडून स्वतःच्या मालकीचा नवा अल्बम करा. त्याच्या पर्यायांमध्ये इतरांना फोटो घालू देणारा ‘Collaborate’ आणि टिप्पण्यांचा ‘Comments & likes’ हे दोन्ही बंद ठेवा, लिंकने पाहण्याची सोय सुरू करा आणि ती लिंक ट्रेकला आलेल्यांना पाठवा. एकच फोटो एकाच वेळी तुमच्या आणि आयोजकांच्या अशा दोन्ही अल्बममध्ये असू शकतो, म्हणून हे सगळे जुना अल्बम सोडण्याआधी निवांतपणे करता येते. लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला फोटो दिसतील, हे लक्षात ठेवावे. ट्रेकच्या फोटोंत इतरांचे चेहरे असतात, कधी लहान मुलेही असतात, म्हणून ती कुठे टाकायची याचा विचार करावा. ‘महिनाभरात हवे ते फोटो उतरवून घ्या, त्यानंतर लिंक बंद करेन’ असे सांगितलेले मला अधिक बरे वाटते, कारण नाहीतर हा नवा अल्बमही वर्षानुवर्षे तुमच्याच गळ्यात राहतो.

बाहेर पडण्याआधी आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. संगणकावर photos.google.com उघडून, अल्बममध्ये न जाता, मुख्य लायब्ररीत त्या ट्रेकच्या तारखेचे तुमचे फोटो खरोखर आहेत का ते पाहावे. जुना फोन विकला आहे, तेव्हा बॅकअप वेगळ्याच खात्यात होत होता, असे प्रकार इतके सर्रास घडतात की या तपासणीशिवाय मी कोणालाही पुढे जाऊ देत नाही. दुसरे म्हणजे, इतरांनी काढलेले जे फोटो तुम्हाला हवे असतील ते आत्ताच स्वतःच्या लायब्ररीत जतन करावेत, किंवा संगणकावर अल्बमच्या तीन ठिपक्यांच्या मेनूतील ‘Download all’ वापरून सगळा अल्बम एका झिप फाइलमध्ये उतरवून घ्यावा. आपण नसताना आयोजक अल्बम कसा ठेवतील, यावर आपले नियंत्रण नसते.

मग प्रत्यक्ष बाहेर पडणे. ॲपमध्ये सामायिक अल्बमची जागा आवृत्तीनुसार बदलत आली आहे, म्हणून मी लोकांना सरळ संगणकावर photos.google.com/sharing उघडायला सांगतो. तिथे अल्बम उघडावा, वरच्या तीन ठिपक्यांवर जाऊन ‘Options’ निवडावे. सदस्यांची यादी ज्या ठिकाणी दिसते तिथेच ‘Leave album’ हा पर्याय असतो. फोनवरही अल्बम उघडल्यानंतरचा मार्ग हाच आहे. तो पर्याय दिसत नसेल तर दोन कारणे मी आधी तपासतो. एक म्हणजे तुम्ही वेगळ्याच गूगल खात्यातून पाहत आहात. फोनवर दोन-तीन खाती असतील तर ज्या खात्याने अल्बममध्ये प्रवेश केला होता त्याच खात्यात जावे लागते. दुसरे म्हणजे तुम्ही त्या अल्बमच्या सदस्य नाहीतच, केवळ लिंकवरून पाहत आहात. अशा वेळी सामील होण्याचे बटण दिसते, आणि जिथे सामील झालोच नाही तिथून बाहेर पडण्याचा प्रश्न येत नाही.

येथे एक चूक फार जण करतात. अल्बममधून आपले फोटो काढायचे म्हणून ते स्वतःच्या लायब्ररीत जाऊन फोटो हटवतात. त्यामुळे फोटो अल्बममधून जातात हे खरे, पण लायब्ररीतूनही जातात. बॅकअप झालेले फोटो ६० दिवस कचरापेटीत राहतात आणि तोवर परत आणता येतात, पुढे मात्र नाही. नाव ठेवून केवळ काही फोटो काढायचे असतील, तर अल्बमच्या आत तो फोटो उघडून ‘Remove from album’ हा पर्याय वापरावा. त्याने मूळ फोटोला धक्का लागत नाही. सदस्याला हे फक्त स्वतः टाकलेल्या फोटोंबाबत करता येते. मालकाला मात्र अल्बममधला कोणाचाही फोटो काढता येतो.

याच नियमातून एक मर्यादाही निघते, आणि ती तुम्हाला आधी माहीत असलेली बरी. इतरांनी काढलेल्या फोटोंत तुम्ही दिसत असाल, तर तुमच्या बाहेर पडण्याने ते फोटो हलणार नाहीत. ते काढायचे तर ज्याने टाकले त्याला किंवा आयोजकांनाच सांगावे लागेल. त्यासाठी ‘माझे सगळे फोटो काढा’ असा निरोप उपयोगाचा नाही. कोणते फोटो ते नेमके सांगावे, शक्य तर त्यांचे स्क्रीनशॉट पाठवावेत. समोरच्याला ४०० फोटो चाळावे लागले की काम मागे पडते आणि त्यातून नसलेला दुरावा निर्माण होतो.

बाहेर पडल्यावर खात्री करण्याची सोपी पद्धत अशी. त्या अल्बमची लिंक तुमच्याकडे असेल आणि आयोजकांनी लिंकने पाहणे सुरू ठेवले असेल, तर ब्राउझरच्या खासगी खिडकीत, कोणत्याही खात्यात प्रवेश न करता, ती उघडा. तुमचे फोटो नसतील तर काम झाले. तुमचा एखादा फोटो तरीही दिसला तर दचकू नका. कोणीतरी तो जतन करून स्वतःच्या नावाने पुन्हा घातलेला असतो. आता तो त्यांनी टाकलेला फोटो आहे आणि ‘Leave album’चा त्याच्याशी संबंध उरत नाही. हेही लक्षात घ्या की लिंक सुरू असेपर्यंत तुम्ही स्वतःदेखील तो अल्बम पाहू शकता, आणि चुकून सामील होण्याच्या बटणावर बोट पडले तर पुन्हा सदस्य व्हाल. तसे झाले तर पुन्हा त्याच मार्गाने बाहेर पडावे. काही आयोजक दर हंगामात जुन्या यादीतल्या सगळ्यांना नव्या अल्बममध्ये ओढतात. एकदा सांगूनही तसे होत राहिले, तर त्या व्यक्तीला गूगल खात्यातून ब्लॉक करण्याचा पर्याय आहे. तो केवळ फोटोजपुरता राहत नाही, गूगलच्या इतर काही सेवांनाही लागू होतो, म्हणून नुसत्या कमी बोलण्याच्या संबंधांत मी तो सुचवत नाही.

आता रील्सकडे येऊ. इन्स्टाग्रामची कोलॅब सोय २०२१ मध्ये आली. तिच्यात पोस्ट एकच असते आणि ती सगळ्यांच्या प्रोफाइलवर दिसते. लाइक, टिप्पण्या आणि पाहिल्याची संख्याही सामाईक असते. पण ती पोस्ट ज्या खात्यावरून टाकली गेली त्याची असते. मथळा बदलणे, पोस्ट पूर्ण हटवणे हे अधिकार मूळ खात्याकडे आहेत. कोलॅबरेटरला स्वतःला काढून घेता येते, बस. तुम्ही निघालात की ती रील तुमच्या प्रोफाइलवरून जाते, वर दोन नावे दिसत होती तिथे एकच राहते, आणि जमा झालेले लाइक व टिप्पण्या मूळ खात्याकडेच राहतात. तुमच्या ओळखीच्या लोकांनी तुमच्या प्रोफाइलवरून येऊन लिहिलेल्या टिप्पण्याही त्यातच आल्या.

म्हणून निघण्याआधी त्या रील्सचा उपयोग तुम्हाला पुढे कामाचा नमुना म्हणून होणार आहे का, हे ठरवा. होणार असेल तर दोन्ही नावे आणि आकडे दिसतील असे स्क्रीनशॉट घेऊन ठेवा आणि चित्रीकरणाच्या मूळ फाइल तुमच्याकडे आहेत ना ते पाहा. इन्स्टाग्रामवरून उतरवलेली प्रत आणि मूळ फाइल यांच्या दर्जात फरक असतो, शिवाय ॲपमधले संगीत बाहेर वापरता येईलच असे नाही. तीच चित्रफीत पुढे स्वतःच्या खात्यावर टाकली तर ती नवी पोस्ट असते आणि तिचे आकडे शून्यापासून सुरू होतात.

काढण्याची कृती अशी: रील उघडा, तीन ठिपक्यांच्या मेनूत जा, तिथे ‘Stop sharing’ असा पर्याय दिसेल, तो निवडून पुन्हा एकदा संमती द्या. मेनूची मांडणी आवृत्तीप्रमाणे बदलते, त्यामुळे शब्द थोडे वेगळे दिसू शकतात. पण हटवण्याचा पर्याय शोधत बसू नका, तो मालकालाच असतो. रील्स बऱ्याच असतील तर प्रत्येकीत हे वेगवेगळे करावे लागते. ज्या कोलॅबची विनंती आली आहे पण तुम्ही अजून स्वीकारलेली नाही, ती तुमच्या प्रोफाइलवर नसतेच. ती केवळ नाकारायची असते. गट सोडून गेलेल्यांच्या सूचनांमध्ये अशा एक-दोन जुन्या विनंत्या पडून असतात आणि पुढे कधीतरी न वाचता स्वीकारल्या जातात, म्हणून त्याच बैठकीत त्याही निकालात काढाव्यात.

यानंतर पुष्कळ जण मला लिहितात, ‘मी निघालो, तरी माझे नाव अजून दिसते आहे.’ एकाच पोस्टवर तुमचे नाव तीन वेगवेगळ्या रूपांत असू शकते, त्यामुळे असे होते. कोलॅबरेटर म्हणून वर असलेले नाव ‘Stop sharing’ने जाते. चित्रावर किंवा रीलवर केलेला टॅग निराळा असतो. तो दिसत असेल तर त्या टॅगमधील आपल्या नावावर बोट ठेवून स्वतःला पोस्टमधून काढण्याचा पर्याय निवडावा. तिसरे रूप म्हणजे मथळ्यात लिहिलेला तुमच्या खात्याचा उल्लेख, ‘छायाचित्रण: @अमुक’ असा. तो मजकुराचा भाग आहे आणि मजकूर फक्त मूळ खाते बदलू शकते. येथे आयोजकांना सांगण्याखेरीज दुसरा उपाय नाही. शिवाय तीच रील त्यांनी फेसबुक पानावरही टाकली असेल, तर तिथली पोस्ट वेगळी असते; इन्स्टाग्रामवरून निघाल्याने तिथला मजकूर बदलत नाही.

माझे मत विचाराल तर मथळ्यातला तो उल्लेख काढायला सांगण्याआधी थोडे थांबावे. कोलॅबरेटर म्हणून नाव असणे म्हणजे तुम्ही आजही त्यांच्यासोबत आहात असे दिसणे. ते काढणे योग्यच आहे. पण चित्रीकरण तुमचे असेल तर श्रेय म्हणून लिहिलेले नाव ही नुसती माहिती आहे, आणि ती गेल्यावर त्या कामावर तुमचे काहीच उरत नाही. या दोन्हींतला फरक अनेक जण करत नाहीत आणि वर्षभराने श्रेय मिळत नाही म्हणून तक्रार करतात.

याच्याशी जोडलेला प्रश्न हक्काचा आहे. रील मागे राहते, पण त्यातले चित्रीकरण तुमचे असेल तर ते वापरत राहण्याचा हक्क गटाला आहे का? भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार छायाचित्राचा पहिला हक्क सर्वसाधारणपणे ते काढणाऱ्याचा असतो. मात्र कोणी मोबदला देऊन त्याच्या सांगण्यावरून फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर तो हक्क काढून घेणाऱ्याचा असतो. तुम्ही मोबदला घेत होतात की नाही हे लिहिलेले नाही, आणि उत्तर बरेचसे त्यावरच ठरते. ट्रेकचे शुल्क माफ होणे हा मोबदला धरायचा का, गटाच्या नावाने कॅमेरा घेऊन जाणे म्हणजे काय, अशा बाबी वादाच्या होऊ शकतात. तिथे वकिलाचा सल्ला घ्यावा. मोबदला घेतला नसेल तर रील काढण्याची विनंती करायला तुमची बाजू भक्कम असते, आणि तरीही नकार आला तर इन्स्टाग्रामचा कॉपीराइटच्या तक्रारीचा अर्ज आहे. पण कोलॅबची विनंती तुम्ही स्वतः स्वीकारली होती, म्हणजे त्या वेळी वापराला संमती होती असे समोरचे म्हणणारच. भांडण नसताना त्या अर्जापासून सुरुवात करणे मला पटत नाही. तो गेला की बोलणे कमी असण्यावरून पूर्ण बंद होण्यापर्यंत वेळ लागत नाही.

आयोजकांना कळवायचे की नाही, हाही प्रश्न तुमच्या मनात असेल. कळवावे असे माझे स्पष्ट मत आहे, कारण न कळवता बाहेर पडलात तरी ते लपत नाही. सदस्यांच्या यादीतले नाव जाते, ४०० चे २५० फोटो होतात, रीलवरचे दुसरे नाव नाहीसे होते. पाहणारा त्यावरून रागाचाच अर्थ काढतो. मी अशा वेळी लोकांना असा काहीसा निरोप पाठवायला सांगतो: ‘नमस्कार सर, मी आता गटासोबत नसल्यामुळे हरिश्चंद्रगडाच्या अल्बममधून आणि कोलॅब रील्समधून माझे नाव काढून घेत आहे. अल्बममधून बाहेर पडल्यावर मी टाकलेले फोटो त्यातून जातील. ते सर्वांना मिळावेत म्हणून वेगळा अल्बम केला आहे, लिंक सोबत देत आहे. आपल्याला आपल्या अल्बममध्ये ठेवायचे असल्यास येत्या रविवारपर्यंत जतन करून घ्यावेत, मी सोमवारी बाहेर पडेन. रील्सच्या मथळ्यात छायाचित्रणाचे श्रेय आहे ते तसेच राहू द्यावे.’ यात परवानगी मागितलेली नाही हे पाहा, कारण बाहेर पडायला ती लागत नाही. तारीख दिली आहे, आणि त्या तारखेला उत्तर आले नसले तरी पुढे जायला तुम्ही मोकळ्या आहात.

त्या सोमवारी क्रम असा ठेवा. आधी नव्या अल्बमची लिंक खासगी खिडकीत उघडून १५० फोटो दिसतात ना ते मोजून पाहा, मग जुना अल्बम सोडा, आणि रील्स सर्वांत शेवटी घ्या. रील्समध्ये घाईचे काही नाही. त्या एक दिवस उशिरा सुटल्या तरी कोणाचे फोटो जात नाहीत. दोन-तीन दिवसांनी ट्रेकला आलेल्या एखाद्या मैत्रिणीला तिच्या फोनवर दोन्ही अल्बम आणि एक-दोन रील्स उघडायला सांगा. तुमच्या फोनवर सगळे निघालेले दिसले, तरी टॅग आणि मथळ्यातले उल्लेख तिच्या नजरेला आधी पडतील.